बाबांची उंची आणि कागदावरची अर्धा लिटर हवा

*माझे वडील 66 वर्षांचे आहेत, वजन 62 किलो. मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, आता केमो सुरू व्हायची आहे. चालताना धाप लागते म्हणून डॉक्टरांनी फुप्फुसांची फुंकण्याची तपासणी करायला लावली. एफव्हीसी 2.70 लिटर (अपेक्षित 3.85), एफईव्ही-वन 2.10 लिटर (अपेक्षित 2.99), दोन्ही 70 टक्के, आणि खाली शेरा: रिस्ट्रिक्शनची शक्यता. आता छातीचं सीटी स्कॅन आणि फुप्फुसांची आणखी एक मोठी तपासणी सांगितली आहे. अहवाल घरी नीट वाचला तेव्हा दिसलं, उंची 172 लिहिली आहे. ती कुणी मोजलीच नव्हती. बाबांनी जुन्या ओळखपत्रावरची तोंडी सांगितली होती. मी भिंतीला उभं करून मोजली तर 163 भरली. केमोची मात्राही याच उंचीवरून काढली आहे म्हणे. नऊ सेंटिमीटरने असा काय फरक पडतो? बाबा म्हणतात, एवढ्याशा गोष्टीसाठी डॉक्टरांना त्रास देऊ नकोस. सांगू की नको?*

सांगा, आणि केमोच्या पहिल्या दिवसापर्यंत थांबू नका. केमोची मात्रा या चुकीने फारशी हलत नाही, त्या बाजूने जिवाला घोर लावून घेऊ नका. फुप्फुसांच्या अहवालाचं मात्र तसं नाही. त्यातली एफव्हीसी म्हणजे छाती भरून श्वास घेतल्यावर जोराने फुंकून बाहेर पडणारी सगळी हवा, आणि एफईव्ही-वन म्हणजे तिच्यातली पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा. रिस्ट्रिक्शनचा, म्हणजे फुप्फुसं आक्रसल्याचा, तो शेरा जवळजवळ पूर्णपणे 172 या आकड्यावर उभा आहे. पण डॉक्टरांना 163 सांगण्याआधी घरी आणखी एक माप घ्यायचं आहे, कारण तुमचा 163 हा आकडाही या कामासाठी चुकीचा असू शकतो. ते माप कोणतं, हे पुढे सांगतो. आधी हे पाहू, की एकच चूक एका हिशोबात किरकोळ आणि दुसऱ्यात एवढी मोठी का ठरते.

केमोची मात्रा बहुतेक वेळा शरीराच्या पृष्ठफळावर, म्हणजे सगळी त्वचा सपाट पसरली तर किती चौरस मीटर भरेल यावर ठरवतात. हे पृष्ठफळ कुणी मोजत नाही, उंची आणि वजनावरून काढतात. सर्वांत जुनं आणि अजून वापरात असलेलं सूत्र ड्यू बॉइस आणि ड्यू बॉइस यांचं, 1916 सालचं. त्यांनी मोजकी नऊ माणसं घेऊन त्यांच्या अंगाचे साचे तयार केले, ते सपाट करून मोजले आणि त्यावरून हे सूत्र बसवलं. 1987 मध्ये मोस्टेलर यांनी आणखी सोपं सूत्र दिलं, साध्या कॅल्क्युलेटरवर होईल असं. दोन्ही सूत्रं अशी आहेत, BSA म्हणजे हे पृष्ठफळ, W म्हणजे किलोतलं वजन आणि H म्हणजे सेंटिमीटरमधली उंची:

```
Du Bois:   BSA = 0.007184 × W^0.425 × H^0.725
Mosteller: BSA = √(H × W / 3600)
```

मोस्टेलरच्या सूत्रात बाबांचे आकडे घालून पाहा. 172 आणि 62 घातले तर 1.72 चौरस मीटर येतात, 163 आणि 62 घातले तर 1.68. समजा एखाद्या औषधाची मात्रा चौरस मीटरला 85 मिलिग्रॅम आहे. मग चुकीच्या उंचीने 146 मिलिग्रॅम आणि बरोबर उंचीने 142 मिलिग्रॅम भरतात. फरक तीन टक्क्यांच्या आत आहे. ड्यू बॉइसचं सूत्र घेतलं तर फरक चार टक्क्यांच्या जवळ जातो, कारण त्यात उंचीचा वाटा थोडा जास्त आहे. औषध तयार करताना कुपीच्या हिशोबाने मात्रा वरखाली करून गोल आकडा धरतात, तेव्हासुद्धा अनेक ठिकाणी पाच ते दहा टक्क्यांची सूट मान्य असते. त्यामुळे आकडा दुरुस्त व्हायलाच हवा, पण या चार मिलिग्रॅमनी बाबांना अपाय होईल असं मला वाटत नाही.

आता या सूत्रातली एक गंमत बघा, कारण पुढचं सगळं तिच्यावरून उलगडतं. पृष्ठफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी, म्हणजे लांबीचा वर्ग. मग सूत्रात उंचीचा घात दोन का नाही, 0.725 एवढा कमी का? कारण सूत्रात वजनही आहे, आणि माणूस किती मोठा आहे याची बरीचशी बातमी वजनातच येऊन गेलेली असते. अंगाची ठेवण तीच ठेवून माणूस सगळ्या बाजूंनी वाढवला तर वजन उंचीच्या घनाप्रमाणे वाढेल. ड्यू बॉइसच्या सूत्रात वजनाचा घात 0.425 आहे. त्याची तिप्पट 1.275, आणि त्यात उंचीचे 0.725 मिळवले की बरोबर 2 होतात. मोस्टेलरच्या सूत्रातही अर्धा आणि दीड मिळून दोनच. म्हणजे आकाराचा बोजा दोघांनी वाटून उचललेला आहे. आणि वजन तर काट्यावर समोर घेतलेलं असतं, ते कुणी आठवणीतून सांगत नाही. त्यामुळे उंची चुकली तरी खरं वजन निकालाला धरून ठेवतं.

फुप्फुसांच्या समीकरणात हा आधार नसतो. तिथे वजन मुळी घेतच नाहीत. चरबी वाढली म्हणून फुप्फुसं मोठी होत नाहीत, त्यामुळे वजनावरून त्यांचा अंदाज येत नाही. मुख्यतः लिंग, वय आणि उंची यांवरूनच ‘या माणसाने इतकी हवा फुंकायला हवी’ हे ठरतं. वय आणि लिंग सहसा चुकत नाही, म्हणजे खरा भार एकट्या उंचीवर येतो. त्यात फुप्फुस हे आकारमान आहे, पृष्ठफळ नव्हे, म्हणून उंचीबरोबर ते आणखी वेगाने बदलतं.

उंचीचा हा धागा पहिल्यांदा जॉन हचिन्सन यांना सापडला. लंडनमध्ये 1846 साली त्यांनी स्वतः बनवलेल्या स्पायरोमीटरमध्ये दोन हजारांहून जास्त माणसांना फुंकायला लावलं. त्यांना दिसलं, की पाच फुटांच्या वर दर इंचामागे माणूस आठ घनइंच हवा जास्त फुंकतो. आजच्या मापात हे सेंटिमीटरमागे साधारण 52 मिलिलिटर होतात.

तुम्ही दिलेल्या 3.85 आणि 2.99 या अपेक्षित आकड्यांवरून त्या यंत्रात 1993 ची युरोपीय समीकरणं भरलेली दिसतात. कोळसा आणि पोलाद समुदायाच्या नावाने ती ओळखली जातात. पुरुषांसाठी ती अशी आहेत, इथे H मीटरमध्ये आणि A म्हणजे वय वर्षांत:

```
FVC  = 5.76 × H − 0.026 × A − 4.34
FEV1 = 4.30 × H − 0.029 × A − 2.49
```

पहिल्या ओळीतला 5.76 बघा. उंची एक सेंटिमीटर वाढली की अपेक्षित हवा सुमारे 58 मिलिलिटरने वाढते. हचिन्सन यांचा आकडा आणि हा आकडा दीडशे वर्षांच्या अंतराने किती जवळ आले आहेत! बाबांच्या बाबतीत नऊ सेंटिमीटर गुणिले 58, म्हणजे अर्धा लिटरहून थोडी जास्त हवा. ही हवा बाबांच्या छातीत कधी नव्हतीच. ती कागदावर मागितली गेली, आणि बाबा ती देऊ शकले नाहीत म्हणून त्यांची फुप्फुसं उणी ठरली.

हिशोब पुरा करू. उंची 1.72 आणि वय 66 धरलं तर अपेक्षित एफव्हीसी 3.85 लिटर येते. बाबांनी 2.70 फुंकली, म्हणून 70 टक्के. उंची 1.63 धरली तर अपेक्षित 3.33 येते, आणि तीच 2.70 लिटर हवा 81 टक्के होते. एफईव्ही-वनचंही तसंच: अपेक्षित 2.99 ची जागा 2.60 घेते आणि 70 टक्क्यांचे 81 होतात. पण खरं महत्त्व टक्क्यांना नाही, खालच्या सीमेला आहे. एकाच वयाच्या आणि उंचीच्या निरोगी माणसांतही फुप्फुसं लहानमोठी असतात, म्हणून अपेक्षित आकड्याच्या खाली एक मर्यादा आखतात. शंभर निरोगी माणसांतली पाचच तिच्याखाली जातील, अशी ती सीमा असते. या समीकरणात एफव्हीसीची सीमा अपेक्षित आकड्याच्या एक लिटर खाली पडते. उंची 172 असेल तर ती 2.85 वर आहे आणि बाबांचे 2.70 तिच्याखाली जातात. उंची 163 असेल तर ती 2.33 वर येते आणि बाबा तिच्या बऱ्यापैकी वर राहतात. माणूस तोच, फुंकर तीच, तरी ‘रिस्ट्रिक्शनची शक्यता’ हा शेरा एका उंचीला उमटतो आणि दुसरीला उमटत नाही.

हा त्या जुन्या समीकरणांचाच दोष असेल, असं वाटू शकतं. तसं नाही. 2012 मध्ये ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्हने जी नवी समीकरणं दिली त्यांत पुरुषांच्या एफव्हीसीसाठी उंचीचा घात 2.4 च्या आसपास आहे. त्यांनी हिशोब केला तरी याच नऊ सेंटिमीटरनी अपेक्षित आकडा बारा टक्के हलतो. पृष्ठफळात तीन टक्के, फुप्फुसांत बारा ते चौदा.

तुमच्या हातातल्या अहवालातच या चुकीची एक खूण आहे, आणि ती डॉक्टरांना दाखवण्यासारखी आहे. एफईव्ही-वनला एफव्हीसीने भागा. 2.10 भागिले 2.70 म्हणजे 0.78, या वयाला उत्तम. हे गुणोत्तर बाबांच्या स्वतःच्या दोन आकड्यांचं आहे, त्यात उंची जवळपास येतच नाही. दम्यासारख्या आजारात श्वासनळ्या आवळल्या की हेच गुणोत्तर खाली येतं, आणि ते चुकीच्या उंचीने बिघडत नाही. म्हणून उंची जास्त लिहिली गेली की अहवालाला नेहमी एकच चेहरा येतो: एफव्हीसी आणि एफईव्ही-वन दोन्ही सारख्याच प्रमाणात खाली आणि गुणोत्तर स्वच्छ. नेमका हाच चेहरा रिस्ट्रिक्शनचा, म्हणजे फुप्फुस आक्रसल्याचा. फुप्फुसात खरोखर चट्टे पडत असले तरी असंच दिसतं, आणि उंची चुकली तरी असंच दिसतं. तपासणीच्या खोलीत बरीच वर्षं काढल्यावर माझी सवय अशी झाली आहे, की दोन्ही आकडे 70-70 किंवा 68-69 असे जोडीने खाली दिसले की मी आधी उंचीच्या रकान्याकडे बघतो, मग त्या माणसाकडे. तिसरं कारणही असतं. फुंकर अर्धवट सोडली तरी एफव्हीसी कमी भरते. म्हणून आलेख शेवटी सपाट झाला आहे का आणि सर्वांत चांगल्या दोन फुंकरांतला फरक 150 मिलिलिटरच्या आत आहे का, हेही तंत्रज्ञाला विचारा.

आता त्या ‘आणखी एका मोठ्या तपासणी’बद्दल. ती बहुधा फुप्फुसांची एकूण क्षमता मोजायची असणार, काचेच्या पेटीत बसवून किंवा हेलियम वायू देऊन. डॉक्टरांचं बरोबरच आहे. नुसत्या फुंकण्यावरून रिस्ट्रिक्शन पक्कं होत नाही, त्यासाठी एकूण क्षमता मोजावी लागते. पण या तपासणीचं अपेक्षित मूल्यही उंचीवरूनच निघतं. पुरुषांसाठी ते मीटरमधल्या उंचीच्या 7.99 पटीतून 7.08 वजा करून काढतात. 172 ला 6.66 लिटर, 163 ला 5.94 लिटर. समजा बाबांची क्षमता 5.10 लिटर भरली. चुकीच्या उंचीने ती 77 टक्के ठरेल आणि सीमेखाली जाईल, बरोबर उंचीने 86 टक्के, सीमेच्या वर. रुग्णाची माहिती संगणकात एकदाच भरलेली असते, पुढच्या तपासणीला तीच आपोआप येते. मग दुसरा अहवाल पहिल्याला दुजोरा देतो, आणि दोन तपासण्या एकच गोष्ट सांगताहेत असं दिसलं की शंका घ्यायचं कुणाच्या मनात येत नाही. दोन्हींत बोलत असते ती एकच चूक. म्हणून ही तपासणी व्हायच्या आत रकाना दुरुस्त व्हायला हवा.

आता ते राहिलेलं माप. बाबांची उंची 172 वरून 163 का झाली, याची दोन उत्तरं असू शकतात. एक, ती कधी 172 नव्हतीच. ओळखपत्रावर कुणीतरी अंदाजाने लिहिली आणि पुढे तीच चालू राहिली. दोन, तरुणपणी ती खरोखर 172 होती आणि नंतर मणके दबून, पाठीला पोक येऊन कमी झाली. या दोन उत्तरांचे परिणाम एकमेकांच्या विरुद्ध आहेत. समीकरण उंचीवरून छातीच्या मूळ बांधणीचा अंदाज घेत असतं, आणि बाक आलेल्या माणसाची छाती 172 च्या बांध्याचीच असते. अशा माणसाला 163 लावलं तर अपेक्षित आकडा खोटा कमी होईल, आणि त्याला खरंच असलेला दोष 81 टक्क्यांच्या आड लपेल. तुमच्या बाबांना धाप लागते आहे, म्हणून ही बाजू मला सोडता येत नाही.

हात म्हातारपणी आखडत नाहीत. म्हणून बाबांना भिंतीला पाठ लावून उभं करा, दोन्ही हात खांद्याच्या रेषेत, तळवे पुढे करून पूर्ण पसरायला सांगा, आणि एका हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजा. दोर मोजताना आपली जुनी माणसं हिलाच वाव म्हणत. तरुणपणी ही वाव उंचीच्या आसपासच असते, पुरुषांत पुष्कळदा काही सेंटिमीटर जास्त. बाबांची वाव 164 ते 168 भरली तर 172 हा आकडा मुळातच खोटा होता आणि 163 वर विश्वास ठेवायला हरकत नाही. ती 172 च्या पुढे गेली, 175-176 भरली, तर उंची खरोखर घटली असावी. अशा वेळी प्रयोगशाळा वावेवरून उंचीचा अंदाज काढते आणि तोच आकडा वापरते. हा हिशोब त्यांनाच करू द्या, वाव जशीच्या तशी उंचीच्या रकान्यात भरायला सांगू नका. आणि उंची तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरहून जास्त घटली असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना वेगळी सांगा. हाडं ठिसूळ होऊन एखादा मणका चेपला आहे का, हे त्यांना बघावं लागेल. जुने फोटो किंवा नोकरीच्या वेळची वैद्यकीय तपासणी हाती लागली तर तीही सोबत न्या.

163 हे मापही पुन्हा एकदा नीट घ्या. चपला, मोजे, टोपी काढून, टाचा जुळवून भिंतीला टेकवायच्या. पाठ होईल तेवढी सरळ. नजर समोर, हनुवटी वर उचललेली नको आणि खाली झुकलेलीही नको: डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या भोकाची वरची कड एका आडव्या रेषेत आली पाहिजे. श्वास आत घेऊन ताठ उभं राहिल्यावर जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरून डोक्यावर टेकवा, खूण करा आणि लोखंडी टेपने जमिनीपासून मोजा. दोनदा मोजा, शक्यतो सकाळी. दिवसभरात मणक्यांमधल्या गाद्या दबून सेंटिमीटरभर उंची कमी होते.

एक गोष्ट खास विचारा: ओळखपत्रावरची उंची सेंटिमीटरमध्ये होती की फुटांत? फूट-इंच दशांशासारखे वाचले की मोठा घोटाळा होतो. माझ्याच हातून तो झालेला आहे. 45 वर्षांच्या एका माणसाने चिठ्ठीवर 5.11 लिहून दिलं. त्याला म्हणायचं होतं पाच फूट अकरा इंच, म्हणजे 180 सेंटिमीटर. मी 5.11 ला 30.48 ने गुणलं आणि 156 लिहिलं. त्याने 3.40 लिटर फुंकली, अपेक्षित 3.48 आलं आणि 98 टक्क्यांचा झकास अहवाल घेऊन तो घरी गेला. खऱ्या उंचीला अपेक्षित 4.86 होतं, म्हणजे तो 70 टक्क्यांवर होता, सीमेच्या बऱ्याच खाली. तीन महिन्यांनी धाप वाढली म्हणून दुसरीकडे तपासलं तेव्हा फुप्फुसात चट्टे सापडले. तो माणूस माझ्यासमोर उभा होता, माझ्यापेक्षा हातभर उंच, आणि मी त्याच्याकडे न पाहता चिठ्ठीकडे पाहिलं. तेव्हापासून माझ्या खोलीत कुणाच्याही तोंडची उंची लिहून घेत नाहीत.

डॉक्टरांकडे जाताना बोलायला चार वाक्यं पुरेत: उंची मोजली नव्हती, सांगितली होती, घरी उभ्याने 163 भरली, वाव इतकी भरली, तुमच्याकडे मोजून अहवाल पुन्हा काढता येईल का? बाबांना पुन्हा फुंकायची बहुतेक गरज नाही. साठवलेल्या फुंकरा तशाच राहतात, तंत्रज्ञ उंची बदलतो आणि यंत्र अपेक्षित आकडे नव्याने काढतं, पाच मिनिटांचं काम. समीकरणांचा संच मात्र तोच ठेवायला सांगा. उंचीबरोबर संचही बदलला तर कोणत्या बदलाने काय हललं हे कळणार नाही. केमोच्या कागदांवरची उंची वेगळ्या फायलीत असते, तीही त्याच दिवशी दुरुस्त करून घ्या. बाबांना सांगा, यात डॉक्टरांना त्रास काहीच नाही. चुकीच्या शेऱ्यावरून एखादं औषध टाळण्याचा किंवा बदलण्याचा निर्णय त्यांना घ्यावा लागला, तर तो त्रास मोठा.

सीटी स्कॅन स्वतःहून रद्द करू नका. डॉक्टरांनी ते नुसत्या शेऱ्यावरून सांगितलं की छातीत काही ऐकू आलं म्हणून, हे आपल्याला माहीत नाही. 81 टक्के म्हणजे धाप लागण्याचं कारण सापडलं असंही नाही. ऑपरेशननंतर रक्त कमी असलं तरी चालताना धाप लागते, आणि ते या तपासणीत दिसत नाही.

जुना अहवाल फायलीत तसाच राहू देऊ नका, त्यावर ‘उंची चुकीची’ असं लिहून सही घ्या. समजा केमोच्या मधल्या टप्प्यावर पुन्हा फुंकायला लावलं आणि एफव्हीसी 2.40 भरली. तोवर उंची 163 झालेली असेल, म्हणून अहवाल 72 टक्के दाखवेल. मागचे 70 आणि आताचे 72 शेजारी ठेवले की कुणीही म्हणेल, फुप्फुसं आहेत तशी आहेत, उलट थोडी सुधारली. प्रत्यक्षात बाबांची 300 मिलिलिटर हवा कमी झालेली असेल, सुरुवातीच्या अकरा टक्के, आणि ती औषधामुळे गेली का हे त्याच आठवड्यात तपासायला हवं असेल. म्हणून दोन अहवाल शेजारी ठेवाल तेव्हा टक्क्यांच्या रकान्यावर हात ठेवा आणि आधी लिटर वाचा.